नववीच्या वर्गाला पेन्शन कशी समजावायची: १०० चिंचोके, एक पगारपत्रक आणि दोन ऑफ तास

हडपसरमध्ये एका कंपनीत पगार आणि पीएफचं काम बघून मला सतरा वर्षं झाली. मुलीच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, दादा तुम्ही नववीला पेन्शनवर काहीतरी सांगा, पोरांना काहीच माहीत नसतं. मी गेलो, फळ्यावर व्याख्या लिहिली, पीएफच्या कायद्याचं साल लिहिलं (१९५२) आणि दहाव्या मिनिटाला मागच्या बाकावर फुली-गोळा चालू झाला. आता चौथं वर्ष आहे, तासाची रचना पार बदललीये, आणि काय चालतं काय नाही ते कळलंय म्हणून सविस्तर लिहितोय, कुणाला आपल्या शाळेत घ्यायचा असेल तर सरळ वापरा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा नाहीतर तास भरकटतो. पोरांना वाटतं पेन्शन म्हणजे मोठा गल्ला, म्हातारपणासाठी साठवलेले पैसे. मोठ्यांनाही तेच वाटतं, आमच्या शॉपफ्लोअरवरच्या निम्म्या लोकांना वाटतं. गल्ला म्हणजे पीएफ. पेन्शन हा वेगळा प्रकार आहे, तिथे पैसे सगळ्यांच्या एका पातेल्यात जातात आणि तुमच्या नावाचा ढीग कुठेच नसतो. हा एवढा फरक दोन तासात पोचला तर भरपूर झालं. म्हणून मी फक्त खाजगी नोकरीतली पेन्शन घेतो, ईपीएस, जी १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. कुणीतरी म्हणणारच की माझ्या आजोबांना खडकीच्या फॅक्टरीची पेन्शन येते आणि ती भरपूर आहे. त्याला सांगायचं, ती जुनी सरकारी पेन्शन, त्यात आजोबांच्या पगारातून पेन्शनसाठी कापत नव्हते आणि महागाई वाढली की ती वाढते, आज आपण ती बघत नाहीयोत. त्यात शिरलात तर तास गेला.

तयारी

दोन जोड तास मागा, पस्तीस पस्तीस मिनिटांचे. सामान फार नाही. १०० चिंचोके (घरी चिंच फोडल्यावर आई ठेवतेच, नाहीतर मंडईत चिंच घेताना मागून घ्या), दहा कागदी कप, एक पातेलं आणि दहा चिठ्ठ्या. चिठ्ठ्यांवर हे आकडे लिहा: ३, ५, ७, ८, ९, १०, ११, १३, १५, १९. आकडे असेच का ते पुढे कळेल, पण बेरीज १०० आहे एवढं तपासून घ्या, मी एकदा १५ च्या जागी १६ लिहिलं आणि सगळा खेळ शेवटच्या फेरीत फसला.

आणि एक खोटं पगारपत्रक. खोटंच, हे महत्त्वाचं. पोरांना घरून आईबाबांची स्लिप आणायला सांगू नका. एका वर्गात मगरपट्ट्यातल्या आयटीवाल्याचा मुलगा आणि इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पॅकिंग करणाऱ्या बाईची मुलगी शेजारी शेजारी बसलेली असतात, एकमेकांचे पगार कळून काय मिळणार. मी पहिल्या वर्षी ही चूक केली, एक मुलगी स्लिप दप्तरातून काढेचना.

पहिला तास: कापलेले पैसे जातात कुठे

फळ्यावर लिहायचं: सुनंदा, वय २८, पॅकिंग डिपार्टमेंट, बेसिक आणि डीए मिळून १५,००० रुपये. मग विचारायचं, हिच्या पगारातून १२ टक्के कापतात, किती? पोरं लगेच सांगतात, १,८००. पुढचा प्रश्न, यातले पेन्शनला किती जात असतील? कुणी म्हणतं निम्मे, कुणी म्हणतं सगळे.

उत्तर आहे शून्य. इथे वर्ग जागा होतो. सुनंदाच्या पगारातून कापलेले १,८०० सगळेच्या सगळे तिच्या पीएफमध्ये जातात. पेन्शनचे पैसे कंपनीच्या वाट्यातून येतात. कंपनीही १२ टक्के घालते, म्हणजे आणखी १,८००, आणि त्याचे दोन तुकडे होतात: ८.३३ टक्के म्हणजे १,२५० रुपये पेन्शनला आणि उरलेले ५५० सुनंदाच्या पीएफला. शिवाय केंद्र सरकार पेन्शनमध्ये १.१६ टक्के टाकतं, ते १७४ रुपये होतात. तर फळ्यावर शेवटी दोन डबे काढायचे. एका डब्यावर सुनंदाचं नाव, त्यात दरमहा २,३५०, त्यावर दरवर्षी व्याज (२०२४-२५ ला ८.२५ टक्के होतं). दुसऱ्या डब्यावर कुणाचंच नाव नाही, त्यात १,४२४.

मग आईबाबा पैसे का भरतात हा प्रश्न आपोआप निघतो आणि खरं उत्तर द्या, भविष्याची काळजी वगैरे नंतर. पहिलं कारण म्हणजे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्याला, कंपनीला हे बंधनकारक आहे आणि नोकरीला लागताना बेसिक-डीए १५,००० पर्यंत असेल तर माणसाला नको म्हणता येत नाही. दुसरं कारण, आपले १,८०० कापले जातात तेव्हाच कंपनीला तिचे १,८०० घालावे लागतात. एका पोराने बरोबर पकडलं होतं, म्हणाला सर मग हा कापलेला पगार नाहीये, हा डबल झालेला पगार आहे फक्त आत्ता मिळत नाही. थोडं सोपं करून सांगितलंय त्याने पण चालेल.

१५,००० हा आकडा मुद्दाम घेतलाय. पेन्शनचा हिशोब सध्या या मर्यादेपर्यंतच होतो, १ सप्टेंबर २०१४ पासून, त्याआधी ती ६,५०० होती. पगार ४०,००० असला तरी साधारणपणे पेन्शनला १,२५० च जातात. आणि आयटीवाल्यांच्या पोरांसाठी एक गंमत: १ सप्टेंबर २०१४ नंतर जो पहिल्यांदा नोकरीला लागला आणि त्याचं बेसिक तेव्हाच १५,००० च्या वर होतं, तो या पेन्शनमध्ये येतच नाही. कंपनीचा पूर्ण वाटा त्याच्या पीएफला जातो. म्हणजे वर्गातल्या काही पोरांच्या जास्त पगाराच्या आईबाबांना ही पेन्शन नसते आणि पॅकिंगवाल्या सुनंदाला असते. हे ऐकून दोन्हीकडची पोरं एकमेकांकडे बघतात, थोडा वेळ बघू द्या. तासाला जायच्या आदल्या दिवशी मर्यादा आणि टक्के तेच आहेत ना ते एकदा बघून घ्या, सरकार बदलू शकतं.

चिंचोक्यांचा खेळ, एकदा कप घेऊन आणि एकदा पातेलं घेऊन

दहा पोरं पुढे बोलवा, ओळीत उभी करा. सगळी ५८ वर्षांची झाली, रिटायर. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या पण उघडायची नाही. प्रत्येकाच्या कपात दहा चिंचोके टाका, ही त्यांची बचत. एक फेरी म्हणजे दोन वर्षं, दर फेरीला प्रत्येकाने एक चिंचोका माझ्या टेबलावर ठेवायचा, तो दोन वर्षांचा खर्च. चिठ्ठीवर जेवढा आकडा तेवढ्या फेऱ्या तो खेळात. फेरी संपली की मी आकडा पुकारतो, "तीन!", ज्याच्या चिठ्ठीवर ३ असेल त्याने उरलेले चिंचोके घेऊन खाली बसायचं. चिठ्ठी त्यांनी स्वतः बघायची नसते, मी मागून एका मॉनिटरला बघायला लावतो आणि तो खांद्यावर हात ठेवतो. आधीच कळलं तर खेळातला जीव जातो, आणि खऱ्या आयुष्यातही कुणाला आधी कळत नाहीच.

इथे शब्द सांभाळा. "मेला" म्हणायचं नाही, "बसला" म्हणायचं. दरवर्षी वर्गात एखादं पोर असं असतंच ज्याच्या घरात कुणी गेलेलं असतं.

दहाव्या फेरीपर्यंत सगळं छान चालतं. अकराव्या फेरीला चार पोरं उभी आहेत आणि चौघांचेही कप रिकामे. ही ७८ वर्षांची झालीत. त्यांना तसंच उभं ठेवा, फेऱ्या चालू ठेवा, "तेरा! पंधरा!" पुकारत राहा, आणि १९ वाला पोरगा नऊ फेऱ्या रिकामा कप घेऊन उभा राहतो. तो ९६ वर्षांचा. एकदा त्या जागी एक दणकट मुलगा आला होता, तो शेजाऱ्याला म्हणाला एक चिंचोका दे ना रे, आणि सगळा वर्ग हसला, तोही हसला, पण मुद्दा जेवढा त्याच्या त्या मागण्याने कळला तेवढा माझ्या बोलण्याने कळला नसता. मग खाली बसलेल्यांना विचारा किती उरलेत. ७, ५, ३, २, १. बेरीज अठरा. उभ्या असलेल्यांना कमी पडले १, ३, ५ आणि ९, तेही अठरा.

आता तोच खेळ, त्याच चिठ्ठ्या फिरवून पुन्हा वाटा, पण कप नाहीत. सगळे १०० चिंचोके एका पातेल्यात. दर फेरीला जो उभा आहे त्याने पातेल्यातून एक उचलून टेबलावर ठेवायचा, जो बसला त्याला काही घरी न्यायचं नाही. एकोणिसाव्या फेरीला एकच पोर उभं असतं, पातेल्यात एकच चिंचोका असतो, ते तो उचलतं. चिंचोके तेवढेच होते. कुणी जास्त कमावलं नाही, कुणी व्याज दिलं नाही.

ही पेन्शन. ज्याला लवकर बसावं लागलं त्याचे चिंचोके जो उभा राहिला त्याला पुरले.

तीनच्या चिठ्ठीवाला भांडतो. भांडायलाच हवा. "सर मला तीनच मिळाले, माझे सात कुठे गेले?" त्याला गप्प करू नका. खऱ्या योजनेत त्याच्या तक्रारीचं अर्धं उत्तर आहे: पेन्शनर गेला की नवऱ्याला किंवा बायकोला अर्धी पेन्शन चालू राहते, आणि पंचवीस वर्षांखालच्या मुलांना, एका वेळी दोघांना, त्या अर्ध्याच्या पाव पाव वेगळी मिळते. पण नातवंडांना एकरकमी काही मिळत नाही. उरलेलं अर्धं उत्तर असं की खेळ सुरू होताना तुला माहीत होतं का तुझी चिठ्ठी तीनची आहे?

वेळ असेल तर एक फेरफार करा. ३ ची चिठ्ठी काढून तिथे १३ ची घाला आणि पुन्हा खेळा. पातेलं शेवटच्या फेऱ्यांच्या आधीच रिकामं होतं. लोक जास्त जगायला लागले की असंच होतं, म्हणून या पातेल्याचा हिशोब दरवर्षी तज्ज्ञांकडून करून घेतात. पोरांना त्यातलं गणित नको, पातेलं आटू शकतं एवढं दिसलं की झालं.

दुसरा तास: सुनंदाला किती मिळणार

सूत्र सोपं आहे, सातवीचं पोर करेल. पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, तीही १५,००० पर्यंतच. सुनंदा आज लागली, ५८ ला रिटायर, ३० वर्षं. वीस किंवा जास्त वर्षं नोकरी झाली की दोन वर्षं बोनस धरतात, म्हणून ३२. पोरांनाच करू द्या: १५,००० × ३२ ÷ ७० = ६,८५७ रुपये महिना, जिवंत असेपर्यंत.

मग ९ वर्षं नोकरी केली तर किती हे विचारा. पोरं १,९२९ काढतात. चूक, शून्य. दहा वर्षं पूर्ण नसतील तर महिन्याची पेन्शनच नाही, काही रक्कम परत मिळते तेवढीच. दहा झाली की २,१४३. (साडेनऊ झाली तर दहा धरतात, पण ते बारीक आहे, कुणी विचारलं तरच सांगा.) पायरी काढून दाखवा फळ्यावर, नऊपर्यंत जमिनीवर आणि दहाला एकदम वर.

इथे मी माझी स्वतःची चूक सांगतो, पोरांना मोठ्यांच्या चुका आवडतात. पहिल्या कंपनीत मी सहा वर्षं होतो. सोडताना एकाने फॉर्म १०सी पुढे केला, म्हणाला पैसे काढून घे, मी काढले, सेकंडहँड बाईक घेतली. सहा वर्षं पुसली गेली. तेव्हाच्या मर्यादेने ६,५०० × ६ ÷ ७० म्हणजे ५५७ रुपये महिना, मरेपर्यंत. त्याच फॉर्मवर पैशाऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागायचा पर्याय होता, म्हणजे वर्षं जपून राहिली असती, पण तो पर्याय मी वाचलाच नाही, आणि आज मीच लोकांना तो फॉर्म भरून देतो. बाईक तर चार वर्षांत भंगारात गेली.

जो प्रश्न येणारच

दुसऱ्या वर्षी एका मुलीने कॅल्क्युलेटर मागितला. तिने केलं ते असं: महिन्याला १,२५० बँकेत टाकले, तीस वर्षं, ८ टक्के व्याज धरलं तर साधारण १८ लाख ६० हजार होतात, आणि त्याच्या नुसत्या व्याजावर महिन्याला १२,४०० मिळतात. "मग ६,८५७ कशाला घ्यायचे? आणि माझे मुद्दल पण राहतं." मी दोन मिनिटं गप्प. हिशोब बरोबर होता.

हा प्रश्न टाळलात तर तुमचं बाकीचं सगळं खोटं ठरतं, त्यामुळे आधी कबूल करा की हो, सुनंदा ५८ पर्यंत धडधाकट राहिली, तीस वर्षांत एकदाही पैसे काढले नाहीत आणि व्याज कायम ८ टक्के मिळालं, तर बचत जिंकते. मग तिलाच विचारा, सुनंदाला दुसऱ्याच वर्षी काही झालं तर? बँकेत असतील तीसेक हजार. पेन्शनमध्ये एक महिन्याचे पैसे भरलेले असले तरी नवऱ्याला पेन्शन सुरू होते, किमान १,००० रुपये, आणि मुलांची वेगळी. किंवा नोकरीत असताना कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर? तिथेही दहा वर्षांची अट लागत नाही. बचतीला भरायला वेळ लागतो, पातेलं पहिल्या दिवशीच भरलेलं असतं कारण त्यात आधीच्यांचे पैसे आहेत.

आणि त्या मुलीच्या बाजूने आणखी एक गोष्ट मीच सांगतो, कुणी विचारत नाही ती. ६,८५७ हा आकडा वाढत नाही. रिटायर झाल्यावर जो ठरला तो ठरला, महागाईप्रमाणे वर जात नाही. महागाई ६ टक्के धरली तर तीस वर्षांनंतरच्या ६,८५७ ची किंमत आजच्या साधारण १,२०० रुपयांइतकी. पोरांना विचारा आज १,२०० मध्ये महिन्याचं काय येतं. एक गॅस सिलेंडर, थोडा भाजीपाला. म्हणून पेन्शन मिळणार म्हणून निवांत असं कधीही सांगू नका, आणि पेन्शन बेकार असंही नाही. फळ्यावरचे दोन डबे पुन्हा दाखवा. नावाचा डबा वाढण्यासाठी आहे, बिननावाचा डबा चिठ्ठी वाईट निघाली तर आहे, ३ निघाली तरी आणि १९ निघाली तरी. सुनंदाला दोन्ही लागतात आणि तिच्या स्लिपमध्ये दोन्ही आहेत.

ज्यांच्या घरी पीएफच नाही, बाबा रिक्षा चालवतात किंवा आई मंडईत भाजी विकते, त्या पोरांकडे बघून पाच मिनिटं अटल पेन्शन योजनेला द्या. १८ ते ४० वयात बँकेतून सुरू होते, साठीनंतर महिन्याला १,००० ते ५,००० यातली आपण निवडलेली रक्कम मिळते. अठराव्या वर्षी सुरू केली तर ५,००० साठी महिना २१० रुपये. इन्कम टॅक्स भरणाऱ्याला मात्र ऑक्टोबर २०२२ पासून नवीन घेता येत नाही. आईबाबा चाळिशीपार असतील तर त्यांच्यासाठी दार बंद झालंय, पण कॉलेजात जाणाऱ्या ताईसाठी उघडं आहे, हे स्पष्ट सांगा.

घरी बघायला काय द्यायचं

घरच्यांच्या शेजारी बसून पीएफचं पासबुक बघायचं, पासवर्ड आणि ओटीपी आईबाबांनीच टाकायचा, वर्गात आकडे सांगायचे नाहीत. पासबुकात तीन रकाने असतात, कर्मचाऱ्याचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन. पोरांनी तीनच गोष्टी बघायच्या. पेन्शनच्या रकान्यात व्याज नाही, हे बघून बाबा चिडतील, माझ्याकडे लोक येऊन म्हणतात व्याज खाल्लं, तर त्यांना पातेल्याचा खेळ सांगायचा, नावाचा ढीगच नाही तर व्याज कशावर. दुसरं, नोकरी बदलून खातं ट्रान्सफर केलं असेल तर नव्या पासबुकात जुने पेन्शनचे पैसे दिसत नाहीत. ते हरवलेले नसतात, पेन्शनमध्ये वर्षं पुढे जातात, म्हणून पैसे न बघता सर्व्हिस हिस्टरी उघडून वर्षं मोजायची. तिसरं, प्रत्येक जुन्या कंपनीपुढे सोडल्याची तारीख भरलेली आहे का.

या तिसऱ्यावरून गेल्या वर्षी एक पोरगा दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर थांबला होता. बाबांची आधीची कंपनी सात वर्षांची, आत्ताची अडीच, आणि आधीच्या कंपनीची एक्झिट डेट कोरीच. ती नसेल तर ट्रान्सफर अडकतो आणि सात अधिक अडीच एकत्र जुळत नाहीत. कंपनी बंद पडली होती, विचारायचं कुणाला. त्याला सांगितलं, शेवटचा पीएफ भरल्याला दोन महिने होऊन गेले असले की पीएफच्या साइटवर यूएएन या पीएफ नंबरच्या लॉगिनमध्ये मॅनेज मेनूखाली मार्क एक्झिट असतं, तिथे बाबांना स्वतःच तारीख टाकता येते, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. फक्त तारीख नीट आठवून टाकायची, एकदा गेली की बदलायला फार फिरावं लागतं. त्याने वहीच्या मागच्या पानावर सगळं लिहून घेतलं, मग खिशातून चार चिंचोके काढून दिले, कालचे राहिले होते म्हणाला.